लिनिअर अल्जेब्रातले आठ पॉइंट सरांना सांगू की लपवू?

*मी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग संस्थेत शिकते, जुलैत तिसऱ्या वर्षाला जाईन. पहिल्या वर्षाच्या लिनिअर अल्जेब्रासाठी मला टीए किंवा ग्रेडर म्हणून घ्या, असा मेल सरांना पाठवायचाय. अडचण अशी की त्याच विषयात मला १० पैकी ८ पॉइंटची ग्रेड आहे. पुढे न्यूमरिकल मेथड्समध्ये १० आणि प्रोबॅबिलिटीत ९ मिळाले. सीपीआय ८.६ आहे. मैत्रीण म्हणते, ८ चं नावच काढू नकोस, नुसता सीपीआय लिही. माझा मसुदा असा आहे: ‘आदरणीय सर, मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे. माझा सीपीआय ८.६ असून अनेक विषयांत उत्तम ग्रेड मिळाल्या आहेत. टीए किंवा ग्रेडर, कोणतंही काम चालेल. कृपया संधी द्यावी.’ मार्चमध्ये असाच मेल दोन प्राध्यापकांना पाठवला होता, उत्तर आलं नाही. मी डोंबिवलीहून रोज ये-जा करते. माझी मामेबहीण बहुतेक यंदा इथेच पहिल्या वर्षाला येईल, तिलाही मदत होईल. मेल कसा लिहू?*

८ सांग. आणि शेवटी कुठेतरी दडवून नको, पहिल्याच परिच्छेदात सांग.

मैत्रिणीचा सल्ला तुझ्या काळजीपोटी आहे, पण मेल वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघ. मी बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना गणित शिकवलं आणि दर सत्राच्या सुरुवातीला असे मेल वाचले. लिनिअर अल्जेब्रासाठी आलेल्या मेलमध्ये नुसता सीपीआय दिसला की डोक्यात पहिला प्रश्न येतो, ‘मग याच विषयात किती?’ उत्तर मेलमध्ये नसेल तर माणूस चांगलं काही गृहीत धरत नाही. त्याला वाटतं ६ असतील. म्हणजे ८ लपवून तू स्वतःला ६ वर नेऊन ठेवतेस. शिवाय पुढे ट्रान्स्क्रिप्ट मागितलं जाणारच. तेव्हा ८ दिसले तर ग्रेडबद्दल कोणी काही बोलणार नाही, पण ते सांगायचं टाळलं होतं हे लक्षात राहील. ज्या कामात दुसऱ्यांचे मार्क तुझ्या हातात असणार आहेत, तिथे हे महागात पडतं.

सीपीआयमध्ये वर्कशॉप आहे, ड्रॉइंग आहे, केमिस्ट्रीची लॅब आहे. सगळ्यांची ती सरासरी. लिनिअर अल्जेब्रा शिकवणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही. त्याच्या उपयोगाच्या ग्रेड दोनच: त्याच्या स्वतःच्या विषयातली, आणि त्या विषयाच्या खांद्यावर उभ्या असलेल्या पुढच्या विषयातली. तुझ्याकडे दुसरी भक्कम आहे. न्यूमरिकल मेथड्समध्ये तू एलयू डिकम्पोझिशन केलं असशील, लीस्ट स्क्वेअर्स केले असतील, आयगेनव्हॅल्यू काढायच्या पद्धती केल्या असतील. हे सगळं लिनिअर अल्जेब्राच आहे, फक्त संगणकावर बसवलेलं. म्हणून तिथले १० हे तुला लिनिअर अल्जेब्रा आता कितपत येतं याचं पहिल्या वर्षातल्या ८ पेक्षा ताजं माप आहे. पण विषयाच्या नावावरून सरांना हे कळेलच असं नाही. अभ्यासक्रम बदलतो, शिकवणारा बदलतो. ‘न्यूमरिकल मेथड्स, चौथं सत्र, १०, त्यात एलयू आणि आयगेनव्हॅल्यूचा भाग जवळजवळ निम्मा होता’ असं एक वाक्य लिहिलंस की काम झालं. तो भाग खरंच निम्मा होता की पाव, हे वही उघडून बघ आणि तेवढंच लिही. प्रोबॅबिलिटीतले ९ चांगले आहेत, पण इथे त्यांची गरज नाही. उगाच भर घातली की खरी ग्रेड त्या गर्दीत बुडते.

८ का पडले, हेही एका वाक्यात लिहिता येईल, पण त्याआधी ते तुला स्वतःला नेमकं माहीत हवं. जुने मार्क काढून बघ. क्विझमध्ये गेले, मिडसेमला गेले की एंडसेमला? पहिल्या वर्षात बऱ्याच मुलांचं असं होतं की रो ऑपरेशन्स हाताला सरावाने जमतात, पण ‘हे व्हेक्टर लिनिअरली इंडिपेंडंट आहेत का, आणि का’ असं विचारलं की हात थांबतो. तुझं तसंच झालं असेल तर लिही: ‘मिडसेमला स्पॅन आणि इंडिपेंडन्स नीट समजलं नव्हतं, एंडसेमपर्यंत समजलं.’ हे वाचणाऱ्याला यात रडगाणं ऐकू येत नाही. त्याला दिसतं की वर्ग जिथे अडखळतो ती जागा हिला माहीत आहे. ‘तेव्हा तब्येत बरी नव्हती’, ‘पेपर फार कठीण होता’ ही कारणं खरी असली तरी मेलमध्ये नकोत. टीए म्हणून तुझा काही उपयोग होईल असं त्यातून काही दिसत नाही.

आता मला जास्त मोलाचं वाटतं ते. तुझा सगळा मसुदा ‘माझे मार्क चांगले म्हणून मला घ्या’ या पायावर उभा आहे. ग्रेड एवढंच सांगते की तुला स्वतःला बरोबर उत्तर काढता येतं. पेपर तपासताना मात्र बहुतेक वेळ दुसऱ्याचं चुकलेलं उत्तर वाचण्यात जातो, आणि ते अगदी वेगळं कौशल्य आहे. एक उदाहरण शेवटपर्यंत करून दाखवते.

प्रश्न ५ मार्कांचा आहे. गाउस एलिमिनेशनने सोडवा:

```
x +  y +  z = 6
2x + 3y +  z = 11
x + 2y + 3z = 14
```

बरोबर उत्तर x = 1, y = 2, z = 3. दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा केली की `y - z = -1` येतं. तिसरीतून पहिली वजा केली की `y + 2z = 8`. या दोन्हींची वजाबाकी केली की `3z = 9`, आणि मग मागे मागे येत y आणि x.

एका मुलाने पहिल्याच पायरीला 11 - 12 चं उत्तर -1 ऐवजी 1 लिहिलं. पुढचं त्याचं सगळं चोख आहे. `3z = 7`, मग z = 7/3, y = 10/3, x = 1/3. नवखा ग्रेडर काय करतो? त्याच्या मनात 1, 2, 3 पक्कं बसलेलं असतं. पानाच्या तळाशी सात छेद तीन दिसलं की तो आडवी रेघ मारतो आणि एखादा मार्क ‘प्रयत्नाचा’ देऊन पान उलटतो. त्या मुलाला एलिमिनेशन पूर्ण येतं, चुकली ती एका चिन्हाची वजाबाकी. मार्किंग स्कीममध्ये एलिमिनेशनच्या पायऱ्यांना २, त्रिकोणी रूपाला १ आणि मागे येत किंमती काढण्याला २ मार्क असतील, तर त्याचा जास्तीत जास्त १ मार्क जायला हवा. ५ पैकी ४.

दुसऱ्या मुलीने नुसतंच x = 1, y = 2, z = 3 लिहिलंय, एकही पायरी नाही. हिला किती? प्रश्नात ‘गाउस एलिमिनेशनने’ असं स्पष्ट लिहिलंय. उत्तर अंदाजाने घालून ताळा करता येतो, पूर्णांक आहेत, किंवा शेजारच्या बाकावरून येतं. हिला ५ दिलेस तर पहिल्या मुलावर अन्याय, ० दिलास तर क्रिब सेशनला, म्हणजे तपासलेल्या वह्या बघून मार्कांबद्दल तक्रार करायच्या वेळी, ती तुझ्यासमोर उभी राहणार आणि तिचंही थोडं बरोबर असणार. याचं उत्तर ग्रेडरने स्वतःच्या मनाने ठरवायचं नसतं. ते तपासणी सुरू होण्याआधी सरांकडून ठरवून घ्यायचं असतं, म्हणजे पहिल्या वहीत आणि दोनशेव्या वहीत एकच निर्णय लागतो.

तिसरी वही सर्वांत फसवी. त्यातलं उत्तर बरोबर आहे, पण मध्ये दोन चुका आहेत आणि त्यांनी एकमेकींना खाऊन टाकलंय. पानाचा तळ बघून तपासणारा इथे ५ देऊन मोकळा होतो. पायऱ्या वाचणाऱ्याला त्या दिसतात.

या तीन वह्यांकडे बघून तू काय करशील, हे मेल वाचणाऱ्या सरांना हवं असतं. ते ८.६ मध्ये दिसत नाही, १० मध्येही दिसत नाही. म्हणून मी सुचवीन की मेलसोबत ट्रान्स्क्रिप्ट आणि फक्त एक पान जोड. त्यावर असाच एक प्रश्न घे, त्याची तू केलेली मार्किंग स्कीम लिही, आणि तीन चुकलेली उत्तरं तुझ्या हाताने लिहून, तपासून, शेजारी ‘किती आणि का’ हे एकेका ओळीत मांड. उत्तरं तूच रचायचीस. कुणा ज्युनिअरचा खरा पेपर, नाव झाकूनसुद्धा, वापरायचा नाही. या पानाला दोन तास लागतील. मोठा बायोडेटा जोडलास तर सर फार तर वरवर चाळतील. हे पान ते वाचतील, कारण गणिताच्या माणसाला समोर आलेलं उदाहरण तपासल्याशिवाय राहवत नाही.

‘टीए किंवा ग्रेडर, कोणतंही काम चालेल’ हे वाक्य काढून टाक. तुला ते नम्रपणाचं वाटतं, पण वाचणाऱ्याला वाटतं की हिने कामाचा विचारच केलेला नाही. ट्यूट घेणारा टीए दर आठवड्याला ठरलेल्या तासाला चाळीसेक मुलांसमोर फळ्यापाशी उभा असतो आणि मुलं प्रश्न विचारत राहतात. ग्रेडरचं काम बंद खोलीतलं, आठवडाभर काही नाही आणि मग एकदम गठ्ठा. बऱ्याच ठिकाणी एकाच माणसाकडे दोन्ही असतं, तरी मागताना तुझा कल सांगता यायला हवा. तू आवड शिकवण्याची आहे म्हणतेस, पण मला विचारशील तर पहिल्या सत्रात ग्रेडिंगकडे कल सांग. एकाच प्रश्नाची दोनशे उत्तरं वाचलीस की वर्ग नेमका कुठे चुकतो हे तुला जितकं कळेल तितकं फळ्यासमोर उभं राहून कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी ट्यूट घेताना ते हाताशी असेल. एखाद्याचा आवाज चांगला असेल, आधी शिकवण्या केल्या असतील, तर त्याने उलट निवड करावी.

वेळेचा हिशोब मेलमध्ये हवाच, आणि तो आधी स्वतःशी कर. समजा ४० जणांच्या सहा बॅचेस आहेत, म्हणजे २४० मुलं. शहाणे प्राध्यापक वह्या वाटून देत नाहीत, प्रश्न वाटून देतात. एका ग्रेडरने सगळ्या २४० वह्यांमधला एकच प्रश्न तपासायचा, म्हणजे त्या प्रश्नाला सगळ्यांना एकच मोजपट्टी लागते. एका उत्तराला सरासरी २ मिनिटं धरली तरी ४८० मिनिटं होतात, म्हणजे ८ तास, आणि निकाल साधारण आठवड्यात लावायचा असतो. सलग आठ तास बसून हे होत नाही. तिसऱ्या तासाला डोळे पायऱ्या सोडून फक्त उत्तर शोधायला लागतात. माझा अनुभव असा, की दोन तासांच्या चार बैठका केल्या तर तपासणी सरळ राहते. पहिली दहा उत्तरं पेन न उचलता नुसती वाचायची, मग सुरुवात करायची, आणि गठ्ठा संपला की पहिल्या पाच वह्या पुन्हा उघडायच्या. त्यांना आता तू वेगळे मार्क देशील असं वाटलं तर मधे कुठेतरी तुझा हात सैल किंवा घट्ट झालाय, आणि तो कुठे झाला ते मागे जाऊन शोधावं लागतं.

या ८ तासांना डोंबिवली जोडून बघ. आयआयटीमध्ये एम.टेक.च्या टीएकडून आठवड्याला ८ तास काम अपेक्षित असतं, पण ती मुलं बहुतेक कॅम्पसवर राहतात. तुला वह्या घरी नेता येणार नाहीत, आणि कोणी ‘ने’ म्हटलं तरी नेऊ नकोस. माझ्या एका सहायकाने एकदा ३८ वह्यांची पिशवी लोकलच्या रॅकवर ठेवली आणि गर्दीत उतरताना ती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी सुखरूप परत मिळाली, पण त्या एका रात्रीत त्या मुलाचं तोंड उतरलेलं मी पाहिलंय, आणि मलाही झोप लागली नव्हती. तेव्हा वह्या डिपार्टमेंटमध्येच तपासायच्या, हे धरून चाल. तुझ्या टाइमटेबलमध्ये लेक्चर संपल्यानंतर दोन तास थांबता येईल असे चार दिवस निघतात का बघ. तीनच निघाले तर तीनच लिही. पावसाळ्यात गाड्या बंद पडतात त्या दिवशीचं काय, हेही सरांना माहीत असतं. सकाळी साडेआठच्या ट्यूटला ‘नक्की येईन’ असं लिहून ऑगस्टमध्ये तीनदा चुकण्यापेक्षा, सकाळची बॅच मला जमणार नाही असं आत्ताच लिहिलेलं बरं.

मामेबहिणीबद्दल तू पत्रात जाता जाता लिहिलंस, पण माझी नजर तिथेच अडकली. ती या वर्गात आली तर तिची वही तुझ्या हातात येता कामा नये. तू तिला जास्त मार्क देशील अशी शंका मला नाही. उलट नातं आहे म्हणून नकळत कमी देणारेच मी जास्त पाहिलेत. पण तिला मिळालेल्या प्रत्येक मार्काकडे बाकीचे बोट दाखवतील, आणि त्या वेळी तुझ्याकडे सांगायला काही नसेल. आणखी एक गोष्ट आहे: ग्रेडरला मार्किंग स्कीम, कधी कधी तर प्रश्नसुद्धा आधी कळतात. घरात एकत्र अभ्यासाला बसलात तर तुझ्या तोंडून काय निघेल ते तुलाही सांगता येणार नाही. म्हणून मेलमध्ये एक ओळ लिही, आणि काम मिळालं तर त्या सत्रात हा विषय तिला शिकवू नकोस. कॅल्क्युलस शिकव.

आता मेल. तू तो इंग्रजीतच पाठवशील, इथे आशय दिसावा म्हणून मराठीत लिहिते. विषयाच्या ओळीत कोर्सचं नाव आणि कोड, सत्र, आणि ‘ग्रेडर म्हणून विनंती’ एवढंच. मजकूर असा:

*‘सर, मी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. जुलैच्या सत्रात आपण पहिल्या वर्षाला लिनिअर अल्जेब्रा शिकवणार आहात, त्यासाठी ग्रेडर म्हणून काम करायची माझी इच्छा आहे.*

*या विषयात मला ८ मिळाले होते. मिडसेमला इंडिपेंडन्स आणि बेसिस मला नीट समजलं नव्हतं, एंडसेमला त्या भागात पूर्ण मार्क होते. चौथ्या सत्रात न्यूमरिकल मेथड्समध्ये १० मिळाले. त्यात एलयू, लीस्ट स्क्वेअर्स आणि आयगेनव्हॅल्यू होत्या.*

*मंगळवार, बुधवार आणि शुक्रवारी साडेतीन ते साडेपाच मी डिपार्टमेंटमध्ये बसून तपासू शकते. क्विझनंतरच्या आठवड्यात शनिवारही देईन. सकाळी साडेआठची ट्यूट मला जमणार नाही.*

*माझी मामेबहीण कदाचित या वर्गात असेल. तसं झालं तर तिची वही दुसऱ्या कोणाकडे द्यावी.*

*ट्रान्स्क्रिप्ट आणि मी तपासलेला एक नमुना प्रश्न जोडला आहे. ग्रेडरची निवड डिपार्टमेंटच्या फॉर्ममधून होत असेल तर तो मी भरेन. आपल्या ऑफिसच्या वेळेत येऊन भेटू का?’*

वार, वेळा आणि एंडसेमबद्दलचं वाक्य मी नमुन्यासाठी घातलंय, तुझं खरं असेल तेच लिही. एंडसेमला त्या भागात पूर्ण मार्क नसतील तर ते वाक्य तिथेच तोड. ‘लहानपणापासून आवड’ यात कुठे नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुझी आवड खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण ती त्या जोडलेल्या पानातून दिसेल, तिला वेगळं वाक्य लागत नाही. ‘कृपया संधी द्यावी’ हेही गेलं. तू काम करायला तयार आहेस आणि सरांना माणूस हवा आहे, यात याचना करण्यासारखं काही नाही. मानधनाचं या पहिल्या मेलमध्ये विचारू नकोस, पण भेटीत मोकळेपणाने विचार, त्यात लाजण्यासारखं काही नाही. काही ठिकाणी ते मिळतं, काही ठिकाणी फक्त प्रमाणपत्र मिळतं, आणि रोज डोंबिवलीहून ये-जा करणाऱ्या मुलीने उशिरा थांबायचं की नाही हे ठरवताना ते माहीत असायला हवं.

मार्चमध्ये उत्तर आलं नाही ते तुझ्या ८ मुळे नाही, तो तर तू लिहिलाच नव्हतास. मार्चमध्ये बऱ्याच डिपार्टमेंटांत जुलैला कोण काय शिकवणार हेच ठरलेलं नसतं. ज्या प्राध्यापकाला तो कोर्स आपल्याकडे येणार की नाही हे माहीत नाही, तो तुला काय उत्तर देणार? शिवाय तुझ्या मसुद्यात कोर्सचं नावच नाही. आधी डिपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन दोन गोष्टी विचार: हा कोर्स यंदा कोणाकडे आहे, आणि टीए प्राध्यापक स्वतः निवडतात की डिपार्टमेंट नेमून देतं. मेल सत्र सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी जायला हवा. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली दोन ओळींची एकच आठवण पाठव, आणि तरीही नाही आलं तर ऑफिसच्या वेळेत ते नमुन्याचं पान घेऊन प्रत्यक्ष जा. पाच प्राध्यापकांना एकच मेल एकाच वेळी पाठवू नकोस. ते चहाला एकत्र बसतात.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतून हे वाचणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. तिथे विद्यापीठाच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्यांच्या हातात दिल्याच जात नाहीत, त्या नेमलेले प्राध्यापकच तपासतात. त्यामुळे ‘मला ग्रेडर करा’ असा मेल पाठवलात तर मॅडमना नाही म्हणण्यावाचून पर्यायच राहत नाही. त्याऐवजी प्रॅक्टिकलच्या बॅचला मदत, सराव प्रश्नपत्रिका तपासणं, केटी लागलेल्या मुलांसाठी आठवड्याला एक तास, असं काहीतरी मागा. ग्रेडचं वर सांगितलेलं सगळं तिथेही तसंच लागू आहे: तो विषय, त्यावर उभा असलेला पुढचा विषय, आणि दोन्हींचे खरे आकडे.

सर भेटीत कदाचित तुझंच पान पुढे ठेवून विचारतील, ‘या दुसऱ्या मुलीला २ दिलेस, मी १ दिला असता, काय म्हणशील?’ तेव्हा लगेच ‘हो सर, १ बरोबर’ म्हणू नकोस. तू २ का दिलेस ते सांग, मग त्यांचं कारण ऐक. त्यांनी १ वरच ठाम राहायचं ठरवलं तर मात्र तो १ वहीत लिहून घे आणि पुढे दोनशे चाळीस वह्यांना तोच लाव.